शिलाईच्या लांब व्हिडिओचा टीझर: ४५ सेकंदांत काय दाखवायचं, काय राखायचं

प्रश्न: माझा अस्तराच्या चार टकच्या ब्लाउजचा ४६ मिनिटांचा व्हिडिओ तयार आहे, माप घेण्यापासून हूक लावेपर्यंत. त्याचा एक छोटा टीझर आधी टाकायचाय. यातून आपल्याला नेमकं काय मिळणार हे बघणारीला कळलं पाहिजे. काय दाखवू, काय राखून ठेवू आणि किती सेकंदांचा करू?

उत्तर:

सिनेमाच्या टीझरचा नमुना आधी डोक्यातून काढा. तिथे शेवट लपवतात, कारण शेवट कळला तर तिकीट कोण काढणार? शिकवणाऱ्या व्हिडिओत शेवट लपवला तर बघणारी थांबतच नाही. तयार ब्लाउज अंगावर कसा बसतो ते पहिल्या दहा सेकंदांत दाखवून टाका. राखायची ती तिथपर्यंत जायची रीत. तीही सगळी राखू नका, एक टोक दिसू द्या, म्हणजे रीत खरोखर आहे हे पटेल.

एडिटिंगचं ॲप उघडायच्या आधी कागदावर एकच वाक्य लिहा. तुमच्या व्हिडिओसाठी ते असं होईल: "जिला सरळ शिलाई येते पण मुंढ्यात गडबड होते, तिला हा व्हिडिओ बघून ३४ छातीचा अस्तराचा चार टकचा ब्लाउज स्वतः कापता आणि शिवता येईल, आणि हात वर केला तरी तो वर चढणार नाही." यात चार गोष्टी आल्यात. कोणासाठी, काय तयार होणार, कोणत्या मापावर, आणि जमलं की नाही हे कशावरून ओळखायचं. चौथी गोष्ट बहुतेक जणी सोडून देतात आणि तिथेच टीझर ढिला पडतो. "परफेक्ट फिटिंगचा ब्लाउज शिका" या ओळीत बघणारीला तपासता येईल असं काही नाही. "हात वर केला तरी चढत नाही" हे ती स्वतःच्या आरशासमोर उभी राहून तपासू शकते.

४६ मिनिटांत सांगण्यासारखं बरंच असतं. गळ्याची गोलाई, हूकपट्टी, अस्तर पलटवणं, टकची टोकं. टीझरमध्ये यातलं एकच पुढे आणायचं. निवडताना स्वतःला एवढंच विचारा, की कोणती अडचण कॅमेऱ्यासमोर एका हालचालीत दिसते? हूकपट्टी सुबक आली हे दाखवायला क्लोजअप लागतो आणि वर समजावून सांगावं लागतं. मुंढ्याचं तसं नाही. मुंढा जास्त खोल गेला की बाही बगलेच्या बरीच खाली जोडली जाते, मग हात उचलला की बाहीबरोबर ब्लाउजची सगळी बाजू वर ओढली जाते. पुढच्या भागाचा मुंढा मागच्यापेक्षा साधारण अर्धा इंच आत कोरलेला नसेल तर पुढे बगलेजवळ जादा कापड राहतं आणि चुण्या पडतात. दोन्ही दोष हात वर करताक्षणी दिसतात. शिवणारी बाई ते बघितल्याबरोबर ओळखते, तिला एक शब्दही सांगावा लागत नाही. म्हणून तुमचा टीझर मुंढ्याभोवती बांधा.

आता हा शॉट घ्यायचा कसा, कारण टीझरचं सगळं वजन यावर आहे.

दोन ब्लाउज लागतील. एक वर चढणारा, एक तुमच्या व्हिडिओत शिवलेला. दोन्ही एकाच बाईच्या अंगावर, त्याच जागी उभं राहून, कॅमेऱ्याची उंची न बदलता. डमीवर हे होत नाही, डमीला हात नसतात. डमीवर ब्लाउज नेहमीच छान दिसतो आणि म्हणूनच अनुभवी बघणारी डमीवर विश्वास ठेवत नाही. कॅमेरा मुंढ्याच्या उंचीवर ठेवा, समोरून नाही तर थोडा बाजूने, म्हणजे बगल आणि ब्लाउजची खालची कड दोन्ही चौकटीत राहतील. हात आधी खांद्याच्या रेषेपर्यंत आणायचा, क्षणभर थांबायचं, मग कानापर्यंत. हा थांबा महत्त्वाचा आहे. एका झटक्यात हात वर गेला तर खालची कड केव्हा उचलली ते डोळ्याला कळत नाही.

कापड एकरंगी आणि फिकं घ्या. काळ्या किंवा भरगच्च छापील कापडावर चुण्या दिसतच नाहीत, मग आधीचा आणि नंतरचा ब्लाउज सारखाच वाटतो. प्रकाश एका बाजूने येऊ द्या, उदाहरणार्थ सकाळची खिडकी. समोरून प्रकाश टाकला की चुण्या सपाट होतात. पण मग दोन्ही शॉटना तोच प्रकाश हवा. आधीच्या ब्लाउजला बाजूचा आणि नंतरच्याला समोरचा असं केलं तर ती फसवणूक आहे, आणि शिवणाऱ्या बायकांची नजर अशा बाबतीत फार तिखट असते.

घरात ट्यूबलाइट असेल तर आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे हे लक्षात ठेवा. मोबाइल ३० फ्रेमवर असेल तर चित्रात हलके पट्टे फिरताना दिसू शकतात. २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलं की ते बहुतेक जातात. फोनच्या कॅमेऱ्यात ही सोय नसेल तर ट्यूब बंद करून खिडकीच्या उजेडात काढा.

टीझर यूट्यूबवर शॉर्ट म्हणून जाणार, म्हणून तो उभा असणार आणि मुख्य व्हिडिओ आडवा. इथे अनेक जणी मुख्य व्हिडिओतलेच तुकडे उभे कापून वापरतात. फुल एचडी आडव्या चित्राची उंची १०८० पिक्सेल, त्यातून ९:१६ ची उभी पट्टी काढली तर रुंदी जेमतेम ६०७ पिक्सेल उरते. ती मोबाइलवर ताणली की टाके आणि खडूच्या रेषा धूसर होतात, आणि आपल्याला नेमकं तेच दाखवायचंय. फोरके मध्ये काढलेलं असेल तर तीच पट्टी १२१५ पिक्सेलची मिळते, म्हणजे चालतं. तुमचा व्हिडिओ फुल एचडीत असेल तर हात वर करायचा शॉट आणि टेपचा शॉट, हे दोनच, फोन उभा धरून पुन्हा काढा. बाकीचे दूरचे शॉट कापून वापरले तरी चालतील.

लांबी ४५ सेकंद ठेवा. यूट्यूबवर शॉर्ट आता ३ मिनिटांपर्यंत टाकता येतो, पण म्हणून मर्यादा भरून काढायची गरज नाही. दीड मिनिटाच्या टीझरमध्ये तुम्ही नकळत शिकवायला लागता. मग बघणारीला अर्धवट रीत मिळते, ती तेवढ्यावर कापड कापते आणि ब्लाउज बिघडला की दोष तुमच्या पद्धतीला देते. १५ सेकंदांत दोन शॉट बसतात, पण कोणासाठी आणि कशासाठी हे सांगायला जागा उरत नाही.

बोलायच्या मजकुराचा हिशेब सोपा आहे. शिकवण्याच्या लयीत मराठीत सेकंदाला साधारण दोन शब्द नीट कळतात, कारण आपले शब्द प्रत्यय लागून लांब होतात. म्हणजे ४५ सेकंदांना जास्तीत जास्त ९० शब्द. तुमच्या व्हिडिओसाठी मी मजकूर असा धरेन:

"हात वर केला की ब्लाउज चढतो आणि मुंढ्याला चुण्या पडतात?" इथे जुना ब्लाउज, हात वर. पाच सेकंद.

"हा बघा, तीच बाई, तीच मापं. बदललाय फक्त मुंढा." नवा ब्लाउज, तीच हालचाल. पाच सेकंद.

"शेहेचाळीस मिनिटांच्या या व्हिडिओत चौतीस छातीचा अस्तराचा चार टकचा ब्लाउज माप घेण्यापासून हूक लावेपर्यंत पूर्ण शिवून दाखवलाय." इथे चार झटपट शॉट: अंगावर टेप, कागदावर आखणी, अस्तर जोडणं, हूक. नऊ सेकंद.

"शेवटी तुमच्याकडे दहा मापांचा कागद असेल, पुढच्या-मागच्या भागाचा पेपर पॅटर्न असेल आणि कापड कापण्याआधीच मुंढ्याची चूक पकडायची पद्धत असेल." बारा सेकंद, त्यातले शेवटचे पाच टेपच्या शॉटवर.

"सरळ शिलाई येत असेल तर पुरे. साधं मशीन, ऐंशी सेंटिमीटर ब्लाउजपीस, एक मीटर अस्तर. कटोरी आणि प्रिन्सेस कट यात नाही." दहा सेकंद, टेबलावर मांडलेलं सामान वरून.

"पूर्ण व्हिडिओ खालच्या लिंकवर." चार सेकंद, पुन्हा नवा ब्लाउज, या वेळी हात खाली, नुसतं उभं राहणं.

दुसऱ्या ओळीत एक अट आहे. "बदललाय फक्त मुंढा" हे तेव्हाच म्हणा, जेव्हा ते खरं असेल. जुना ब्लाउज कोणा दुसऱ्याच्या मापाचा किंवा कंबरेत ढिला असेल तर तो वर चढण्याचं कारण वेगळं असतं. शक्यतो त्याच मापांवर, त्याच कापडाचा, मुद्दाम खोल मुंढ्याचा एक नमुना शिवा. अस्तर नसलं तरी चालेल, पण तसं असेल तर ओळीत "फक्त" म्हणू नका. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण त्यावर बाकीचे ४० सेकंद उभे आहेत.

टेपचा शॉट थोडा सविस्तर सांगतो, कारण दाखवणं आणि राखणं यांची सीमा तिथे आहे. कागदी पॅटर्नचा पुढचा आणि मागचा भाग खांद्याला जुळवून मुंढ्याची गोलाई टेपने मोजायची आणि अंगावर घेतलेल्या मुंढ्याच्या मापाशी ताडून बघायची, ही ती पद्धत. टीझरमध्ये एवढंच दिसू द्या, की टेप कडेवर उभा धरलाय, तो वळणावरून सरकतोय आणि आकडा वाचला जातोय. मापांचा कागद शेजारी पडलेला असू द्या. टेप आडवा टाकला तर वळणावर तो दुमडतो आणि आकडा चुकतो, हे जाणकार बाईला उभा टेप बघूनच कळेल आणि तिचा विश्वास बसेल. मात्र मोजायला सुरुवात कुठून करायची, कडेपासून की शिलाईच्या रेषेपासून, खांद्याची आणि बाजूची शिलाईची माया कशी वगळायची, फरक आला तर कुठे कोरायचं आणि कुठे नाही, यातलं काही टीझरमध्ये नको. ते साडेचार मिनिटांचं शिकवणं आहे आणि पाच सेकंदांत सांगितलं तर चुकीचंच पोचेल. राखून ठेवण्यामागे उत्सुकता ताणणं एवढाच हेतू नाही. जे थोडक्यात सांगितल्यावर नुकसान करतं ते राखायचं, हा माझा नियम आहे. जे थोडक्यात सांगूनही उपयोगी पडतं, उदाहरणार्थ सुती अस्तर कापण्याआधी भिजवून वाळवून घ्या म्हणजे नंतर आटणार नाही, ते खुशाल सांगून टाका. वेळ उरला तर सामानाच्या शॉटवर तेवढी एक ओळ लिहिता येईल.

"यात काय नाही" ही ओळ घालायला बऱ्याच जणी तयार होत नाहीत. वाटतं, बघणाऱ्या कमी होतील. होतात, आणि व्हायलाच हव्यात. कटोरी ब्लाउज शिकायला आलेली बाई तिसऱ्या मिनिटाला निघून जाते, आणि अशा निघून जाण्याने व्हिडिओ कुठपर्यंत किती जणी बघतात त्या आलेखाचा उतार वाढतो. तिला टीझरमध्येच कळलं तर ती येणार नाही, पण कटोरीचा व्हिडिओ कराल तेव्हा येईल. हेच छातीच्या मापाचं. चौतीस म्हटलंय तर चौतीसच. "कोणत्याही मापाचा ब्लाउज" हे आश्वासन मोहात पाडतं, पण तुमच्या व्हिडिओत बाकीच्या मापांसाठी टक किती बदलायचा हे दाखवलेलं नसेल तर ते म्हणू नका. दाखवलं असेल तर कोणत्या मापांपर्यंत, ते आकड्यात सांगा.

मजकूर झाला की तो मुख्य व्हिडिओवर ताडून बघायचा. टीझरमधलं प्रत्येक विधान घ्या आणि ते मुख्य व्हिडिओत कितव्या मिनिटाला पुरं होतं ते त्याच्यासमोर लिहा. दहा मापं म्हटलंय तर उंची, शोल्डर, छाती, कंबर, मुंढा, बाहीची उंची, दंडघेर, पुढचा गळा, मागचा गळा आणि टकपॉइंट ही दहाच्या दहा अंगावर घेऊन दाखवलीत का? का नऊ दाखवली आणि टकपॉइंट पुढे आखताना ओघात येऊन गेला? ज्या विधानासमोर मिनिट लिहिता येत नाही ते टीझरमधून काढा किंवा तेवढा भाग शूट करून मुख्य व्हिडिओत घाला. दुसरं केलेलं बरं.

हीच मिनिटं मग मुख्य व्हिडिओच्या वर्णनात चॅप्टर म्हणून टाका, आणि शब्द टीझरमधलेच ठेवा:

```
00:00 तयार ब्लाउज आणि सामान
02:10 दहा मापं
09:30 मागच्या भागाचा पेपर पॅटर्न
15:40 पुढचा भाग आणि चार टक
24:20 मुंढ्याची चूक पकडायची पद्धत
28:50 कापड, अस्तर आणि जोडणी
36:00 बाही
41:30 हूक आणि हात वर करून तपासणी
```

यूट्यूबला पहिला चॅप्टर 00:00 चाच हवा असतो, किमान तीन लागतात आणि प्रत्येक किमान १० सेकंदांचा. टीझरमध्ये "मुंढ्याची चूक पकडायची पद्धत" म्हणायचं आणि चॅप्टरमध्ये "आर्महोल करेक्शन" लिहायचं, असं करू नका. ऐकलेला शब्द ती चॅप्टरमध्ये शोधते.

आवाजाबद्दल दोनच गोष्टी. बोलण्याखाली गाणं असेल तर ते इतकं हळू ठेवा की फोनच्या स्पीकरवर अर्ध्या आवाजातही प्रत्येक शब्द कळेल. हेडफोन लावून मिसळलेला आवाज फोनवर नेहमी वेगळा ऐकू येतो, म्हणून शेवटचं ऐकणं फोनवरच करा, शक्यतो स्वयंपाकघरात पंखा चालू ठेवून. आणि बऱ्याच जणी आवाज बंद करून बघतात, तेव्हा मजकूर पडद्यावर लिहिलेला हवा. पूर्ण वाक्यं नकोत. "हात वर = ब्लाउज वर?", "३४ छाती, अस्तर, ४ टक", "कटोरी नाही" एवढं पुरे. अक्षरं वरच्या अर्ध्या भागात ठेवा. शॉर्टमध्ये खाली चॅनेलचं नाव आणि शीर्षक येतं, उजवीकडे लाइकची बटणं, आणि तिथलं सगळं झाकलं जातं.

काही एडिटिंग ॲपमध्ये देवनागरी मोडते. वेलांटी पुढच्या अक्षरावर जाते, जोडाक्षरं सुटी होतात. "मुंढ्याला चुण्या" हे दोन शब्द टाइप करून बघा, "ढ्य" आणि "ण्य" नीट जुळले तर बाकी बहुतेक नीट येईल. न जुळल्यास मुक्ता, बलू किंवा नोटो सॅन्स देवनागरी यांपैकी युनिकोड फॉन्ट टाकून बघा. ते तिन्ही फुकट मिळतात. तरीही मोडत असेल तर अक्षरं दुसऱ्या ॲपमध्ये लिहून पारदर्शक पीएनजी करून वर ठेवा. मोडक्या मराठीचा टीझर टाकू नका, मापाचा आकडाही मग कोणी गंभीरपणे घेत नाही.

टाकण्याआधी दोघी-तिघींना एकदाच दाखवा. घरातल्यांना नाही, त्यांना सगळं आधीच माहीत असतं. शिवण येणारी एक आणि नुकती शिकायला लागलेली एक, अशा घ्या. फोन परत घ्या आणि विचारा: हे बघून तुला काय करता येईल? त्यासाठी काय लागेल? यात काय नाही? पहिल्याला "ब्लाउजचं फिटिंग" असं मोघम उत्तर आलं तर वायदा पोचलेला नाही, बहुधा तिसऱ्या ओळीवरचे चार शॉट इतके भराभर आहेत की तिने ऐकणं सोडून बघणंच केलं. शॉट चाराचे तीन करा. दुसऱ्याला उत्तर आलं नाही तर सामानाच्या शॉटवर आकडे लिहा. तिसरं बहुतेकींना आठवत नाही, म्हणून "कटोरी नाही" हे पडद्यावर लिहिलेलं हवंच.

आता लिंक. शॉर्टच्या वर्णनातली किंवा कॉमेंटमधली लिंक ऑगस्ट २०२३ अखेरपासून दाबता येत नाही, ती नुसती अक्षरं दिसते. त्यासाठी यूट्यूब स्टुडिओत त्या शॉर्टच्या तपशिलात `Related video` असा पर्याय आहे, तिथे मुख्य व्हिडिओ निवडायचा. मग शॉर्टवर खालच्या बाजूला त्याची लिंक दिसते. पर्याय दिसत नसेल तर चॅनेलला `Advanced features` मिळाली आहेत का ते सेटिंगमध्ये बघा. अर्थात मुख्य व्हिडिओ आधी सार्वजनिक असायला हवा. तो उद्या येणार असेल आणि टीझर आज टाकला तर आजच्या बघणाऱ्यांना कुठे जायचं तेच कळणार नाही. पाहण्याचा भर पहिल्या दिवशीच आला तर तो फुकट जातो. म्हणून मी मुख्य व्हिडिओ आधी टाकतो आणि टीझर दुसऱ्या दिवशी. ओळखीच्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवताना तीच फाइल द्या आणि खाली सरळ लिंक चिकटवा. तिथे लिंक दाबता येते आणि "खालच्या लिंकवर" हे वाक्यही खरं ठरतं.

हा टीझर चॅनेलच्या मुखपृष्ठावरचा ट्रेलर म्हणून लावायचा मोह होईल, तो टाळा. तिथे नव्याने आलेल्या बाईला चॅनेलवर काय-काय आहे हे जाणून घ्यायचं असतं, एका ब्लाउजचा वायदा तिथे अपुरा पडतो.

मुख्य व्हिडिओची सुरुवात मात्र बदलावी लागेल. टीझरवरून आलेली बाई नवा ब्लाउज बघून आलीय. तिच्यापुढे पुन्हा नमस्कार, चॅनेलची ओळख, लाइक-सबस्क्राइबचं सांगणं असा मिनिट गेला तर तिला वाटतं आपण चुकीच्या ठिकाणी आलो. पहिल्या सेकंदाला तोच नवा ब्लाउज, तोच हात वर, पण आता पूर्ण आडव्या चौकटीत, आणि "मुंढ्याची पद्धत चोविसाव्या मिनिटाला आहे, तिथे जायच्या आधी मापं नीट घ्या, नाहीतर ती पद्धत लागू पडत नाही" अशी एक ओळ. जी थेट शोधायला आली तिला कुठे जायचं ते कळलं आणि का थांबायचं तेही कळलं. ही सुरुवात १५ ते १८ सेकंदांत संपवा. टीझरविना आलेल्या बाईलाही त्यातच वायदा मिळतो, म्हणून तिच्यासाठी वेगळं काही करायला नको.

टीझर लागू पडला की नाही, हे त्याच्या व्ह्यूजवरून ठरवू नका. हात वर करायचा शॉट गमतीचा असतो, तो शिवण न येणारेही बघतात. मुख्य व्हिडिओचा रिटेन्शनचा आलेख उघडा. पहिल्या ३० सेकंदांनंतर किती टक्के बायका टिकल्या ते तिथे दिसतं. टीझर टाकण्याआधीचा दिवस आणि नंतरचे दोन-तीन दिवस वेगळे करून बघा. टीझरनंतर हा आकडा घसरला तर टीझर चुकीच्या बायकांना आणतोय किंवा सुरुवात टीझरला धरून नाही. २४:२० ला आलेखात उंचवटा दिसला तर घाबरू नका. त्या टीझरमधला शब्द शोधत थेट तिथे आल्यात. मात्र त्याच जागी उंचवट्यानंतर लगेच खोल घसरण असेल तर मुंढ्याचा भाग लांबलाय किंवा टेप नीट दिसत नाहीये, आणि ते दुरुस्त करायचं काम मुख्य व्हिडिओचं आहे, टीझरचं नाही.

कॉमेंटही वाचा. "ताई, ३८ छातीला किती घ्यायचं?" असे प्रश्न येणारच, त्यात टीझरचा दोष नाही. त्यांचं उत्तर पिन केलेल्या कॉमेंटमध्ये एकदाच द्या: हा व्हिडिओ ३४ चा आहे, मापं घेण्याची आणि मुंढा तपासायची पद्धत सगळ्या मापांना लागू आहे, टकचे आकडे नाहीत. पण "कटोरीचं कधी दाखवणार, बघत बसले" अशा कॉमेंट यायला लागल्या तर टीझरमधली "कटोरी नाही" ही अक्षरं बटणांखाली झाकली गेलीत का ते आधी तपासा. टाकलेल्या शॉर्टमधली फाइल बदलता येत नाही, तेव्हा अक्षरं वर सरकवून नवा शॉर्ट टाका, त्याला मुख्य व्हिडिओ पुन्हा जोडा आणि मग जुना खासगी करा.